फिनच्या बुडाशी

गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडच्या उसना तांदळाच्या गिरण्यांत ड्रायरच्या मागे रेडिएटर उभा असतो. तुसावर चालणाऱ्या बॉयलरची वाफ नळ्यांच्या आतून जाते आणि ब्लोअरची हवा बाहेरून. नळ्यांवर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी ताणून गुंडाळलेली असते, तीच फिन. असे रेडिएटर बांधण्यात आणि उकलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते एक मिस्त्री हल्ली फिन स्वतः चाचपत नाहीत. अंगठ्याने रेटून ती घट्ट की सैल हे त्यांना लगेच कळायचं. आता बोटं बधिर झालीत. ते काम हाताखालच्या पोराकडे गेलं, आणि डिप्लोमा झालेल्या पोराने अंगठ्याआधी वही काढली.

नळीचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी, फिनचा ५७, जाडी ०.४ आणि एका मीटरमध्ये ४०० वेढे. हवेला भेटणारं एकूण क्षेत्रफळ निघालं १.७३ चौरस मीटर. त्यातलं १.६६ फिनचं, म्हणजे गुणोत्तर ०.९६. उघडी नळी जेमतेम ४ टक्के. मिस्त्रींचा सगळा तोरा या ०.९६ वर. फिन दाट दिसली की गिऱ्हाईक खूश होतं आणि आपणही होतो, हे ते कबूल करतात.

पण फिनचं टोक बुडाइतकं तापत नाही. हवेच्या बाजूचा गुणांक ४० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला, तर या फिनची कार्यक्षमता ०.८८ येते. मग संपूर्ण पृष्ठभागाची:

η₀ = 1 − (A_f/A)(1 − η_f) = 1 − 0.96 × 0.12 ≈ 0.885

पुढे अडथळ्यांची बेरीज. हवेचा 1/(0.885 × 40), म्हणजे ०.०२८२. वाफेचा गुणांक ८००० धरला, तरी बाहेरचं क्षेत्रफळ आतल्याच्या २६ पट असल्याने तिथे ०.००३३ येतात. पोलादी नळीचे ०.००१. एकूण ०.०३२५, त्याचा व्यस्त घेतला की U साधारण ३१. बाहेरच्या क्षेत्रफळावर काढलेला हा आकडा आतल्या क्षेत्रफळाला लावायचा नाही, एवढं पोराने खाली रेघ मारून लिहिलं.

“काका, हिशेब बरोबर आहे, मग धान वाळायला इतका वेळ का लागतो?” पोराने विचारलं. मिस्त्री वर्षानुवर्षं याच प्रश्नाशी अडलेत. वाफेचा दाब ठीक, ट्रॅप ठीक, फिन झाडून पुसून साफ, तरी हवा पुरेशी गरम होत नाही.

०.८८ हा आकडा फिनचं बूड नळीइतकंच गरम आहे असं गृहीत धरतो. नळीवर टेकलेला फिनचा पाय आणि नळी यांच्यात ०.०१ मिमी फट पडली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, तर त्या फटीतल्या हवेमुळे एकूण अडथळा ०.००७ ने वाढतो आणि U ३१ वरून २५ वर येतो. फट ०.०५ झाली तर तो १५ च्या खाली. फिनचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं. फिनच्या मानाने कितीतरी लहान असलेल्या नळीच्या पृष्ठभागातूनच सगळी उष्णता जायची असल्याने एवढीशी फट इतकी महाग पडते.

फट पडते कशी? ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० अंशांनी दोन्ही तापले तर या नळीच्या त्रिज्येवर फरक पडतो ०.०१४ मिमी. गुंडाळतानाचा ताण तो सुरुवातीला झेलतो. रोज तापून रोज निवताना ताण ढिला पडत जातो. त्यामुळेच नुसत्या गुंडाळलेल्या फिनला साधारण १३० ते १५० अंशांची मर्यादा सांगतात. ड्रायरची ३ बारची वाफ १४४ अंशांची असते. नळीत खाच पाडून तीत बसवलेली फिन महाग असते, पण अशी सुटत नाही.

ओळखायचं कसं, तर रेडिएटरच्या आधी आणि नंतर हवेचा दाब मोजा. तूस आणि धूळ अडकली असेल तर दाबातला फरक वाढतो. तो जुनाच असून हवा थंड येत असेल, तर फिनचं बूड सुटलंय असं समजा. लाल ठिपक्याचा थर्मामीटर चकाकत्या ॲल्युमिनियमवर खोटं बोलतो, त्यावर विसंबू नका.

बाजारात मात्र स्पर्धा इंचाला किती फिन यावरच चालते, आणि मिस्त्रींना त्याचा संताप आहे. कोणी १० ऐवजी १४ देतो. तुसाच्या धुळीत त्या १४ लवकर बुजतात, आणि कोटेशनवर चौरस मीटर वाढलेले दिसले तरी बुडाबद्दल त्यात ओळसुद्धा नसते. पुस्तकी व्याख्येने ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, तो घनमीटरला ७०० चौरस मीटरचा टप्पाही यातले बरेचसे रेडिएटर गाठत नाहीत. नाव मात्र तेच लावतात.

रेडिएटर घेणार असाल तर कोटेशनवर क्षेत्रफळाच्या शेजारी तीन गोष्टी लिहून मागा: फिनची जाडी, ती नळीवर कशी बसवली आहे आणि किती तापमानापर्यंत घट्ट राहण्याची हमी आहे.