'डू' म्हणावे की 'झी'?

जर्मन भाषेत 'तू'ला 'डू' आणि आदरार्थी 'झी' म्हणतात. उद्यमबागेतील कारखान्यातून प्रशिक्षणासाठी आम्ही जर्मनीस गेलो, तेव्हा आमच्या घरमालकीणबाई आजीच्या वयाच्या होत्या. बेळगावात आजीला 'तू' म्हणण्यातच माया. म्हणून पहिल्या पत्रात आम्ही त्यांना 'डू' लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, परंतु आरंभापासून अखेरपर्यंत त्यात 'झी' होते. आम्ही ओशाळलो.

तिकडे 'डू' वडीलधाऱ्याने वा वरिष्ठाने देऊ करावयाचे असते, धाकट्याने आपण होऊन घ्यावयाचे नसते. दुसऱ्या पत्रात नुसते सर्वनाम बदलून भागेना. 'हास्ट डू'चे 'हाबेन झी' झाले. म्हणजे क्रियापद अनेकवचनी 'ते'चे आले. शिवाय 'झी'चे आद्याक्षर मोठेच हवे. लहान लिहिल्यास 'ती' किंवा 'ते' असा अर्थ होतो. प्राध्यापकांनाही आम्ही असेच लिहीत असू. कारखान्यातील सहकारी मात्र पहिल्याच दिवशी 'डू' म्हणाले, तेव्हा त्यांच्या चिठ्ठ्यांत तेच शोभले.

वर्षभराने बाईंनीच आम्हांला 'डू' देऊ केले. न मागता मिळालेले ते 'तू' आम्हांला घरच्यासारखे वाटले.