पाचवी आडवी रेघ

गावच्या पाहणीचे फॉर्म भरून आले की खरं काम सुरू होतं, असं मी मानते. घरोघर फिरून माहिती विचारण्यात दगदग असते, पण चूक झाली तर ती त्या एका फॉर्मपुरतीच राहते. मोजणीत झालेली चूक मात्र साऱ्या गावाच्या आकड्यात जाऊन बसते, आणि तिथं ती शोधायची कशी हे आधी ठरवलेलं नसेल तर कुणालाच सापडत नाही.

एका डोंगराळ गावात आम्ही केलेली पाण्याची पाहणी सांगते. फॉर्म होते १८७. त्यातला कळीचा प्रश्न असा: मे महिन्यात प्यायचं पाणी मुख्यतः कुठून आणता? उत्तरं चार छापलेली होती: विहीर, हापसा, नळ, टँकर. मोजणीच्या कागदावर मात्र ओळी सहा हव्यात. 'इतर' आणि 'उत्तर नाही' या दोन ओळी आखल्या नाहीत, तर बेरीज फॉर्मच्या संख्येशी कधीच जुळत नाही आणि मग न जुळण्याचं कारणही कळत नाही. उभे रकाने आठ आखले, कारण फॉर्मचे पंचवीस-पंचवीसचे सात गठ्ठे झाले आणि शेवटचा बाराचा. एका रकान्यात एकाच गठ्ठ्याच्या खुणा करायच्या. गठ्ठा संपला की रकाना बंद.

मोजायला दोघं लागतात. एक जण फॉर्म वाचतो आणि वाचलेला फॉर्म पालथा ठेवतो. दुसरा ऐकलेलं उत्तर मोठ्यानं उच्चारून त्या ओळीत उभी रेघ ओढतो. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी तिरकी, चारही रेघांना छेदणारी. ती ओढताना उत्तराऐवजी 'टँकर पाच' असं म्हणायचं. या म्हणण्यामुळे वाचणाराही क्षणभर थांबतो आणि दोघांची लय पुन्हा जुळते.

पाचच का? तीन-चार वस्तू डोळ्याला न मोजता कळतात. त्यापुढे मनातल्या मनात मोजावंच लागतं. सात उभ्या रेघा आणि आठ उभ्या रेघा यांतला फरक नजरेला दिसत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या शिलालेखात एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, पण चारसाठी वेगळीच खूण कोरलेली आहे. रेघांवर रेघा रचत गेलं तर वाचणारा चुकेल, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना ठाऊक असणार असं मला वाटतं. शाळेच्या पुस्तकात ताळ्याच्या खुणा शिकवतात तेव्हा हे कारण मुलांना सांगितलं पाहिजे. नुसतं 'पाचवी रेघ आडवी मारा' म्हटलं की मुलं नक्षी काढल्यासारखी मारतात.

पहिल्या फेरीत चौथ्या रकान्याची बेरीज २४ आली. विहीर ५, हापसा ८, नळ ३, टँकर ७, इतर शून्य, उत्तर नाही १. गठ्ठा तर पंचविसाचा होता. अशा वेळी लगेच फॉर्म उलगडू नयेत, आधी कागद पाहावा. एक कमी भरलंय म्हणजे एखादी रेघ ओढायची राहिली, दोन फॉर्म चिकटून एकदाच वाचले गेले, किंवा एखादी जुडी जाड झाली. जाड जुडी म्हणजे चाराऐवजी पाच उभ्या रेघा झाल्यावर मारलेली तिरकी रेघ. रेघा सहा असतात आणि आपण मोजताना ती पाचच धरतो, म्हणून बेरीज कमी येते. उलट तीनच रेघांवर तिरकी मारली की जुडी बारीक होते आणि बेरीज एकानं वाढते. नवशिक्यांना हे उलटं वाटतं: रेघा जास्त झाल्या तर आकडाही जास्त यायला हवा ना? नाही. जुडीचं मोल पाच ठरलेलं असतं, आत काहीही असो. चौथ्या रकान्यात टँकरची जुडी जाड निघाली. ती सुटी करून मोजली, टँकर ८ झाले आणि रकाना २५ वर बसला. सगळे १८७ फॉर्म एकाच लांबलचक ओळीत मोजले असते तर या एका रेघेसाठी सगळा ढीग पुन्हा उपसावा लागला असता.

चीन-जपानकडे याच कामासाठी पाच रेघांचं एक अक्षर लिहितात, एका फॉर्मला एक रेघ. त्यात प्रत्येक रेघेची जागा ठरलेली असल्यानं सहावी रेघ आत शिरायला वावच नसतो. आपल्या पद्धतीत तो वाव आहे, म्हणून मी लिहिणाऱ्याला उभ्या रेघा जवळजवळ आणि सारख्या उंचीच्या काढायला सांगते. फुगलेली जुडी मग लांबूनही दिसते.

आता बेरीज. टँकरच्या ओळीत आठ रकान्यांत मिळून सात पुऱ्या जुड्या आणि सतरा सुट्या रेघा होत्या. आधी फक्त जुड्यांवर बोट ठेवत पाचाचा पाढा म्हणायचा: पाच, दहा, पंधरा, पस्तिसापर्यंत. मग सुट्या: सतरा. एकूण ५२. जुड्या आणि सुट्या एकाच दमात मोजायला गेलं की पाढ्याची लय मोडते. विहीर ४१, हापसा ५८, नळ २३, टँकर ५२, इतर ६, उत्तर नाही ७. आडव्या ओळींची बेरीज १८७, उभ्या रकान्यांचीही १८७.

इथं बहुतेक जण कागद घडी करून ठेवतात, आणि मला तेच पटत नाही. उभी-आडवी बेरीज जुळली याचा अर्थ एकही फॉर्म गळला नाही आणि एकही दोनदा धरला नाही, एवढाच. हापशाची रेघ टँकरच्या ओळीत पडली असेल तर बेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दुसरी फेरी लागते. कोरा कागद, वाचणारा आणि लिहिणारा यांची अदलाबदल, फॉर्म उलट क्रमानं. पहिला कागद समोर ठेवायचा नाही, नाहीतर हात आपोआप जुन्या आकड्याकडे वळतो. नंतर दोन्ही कागद चौकटीला चौकट लावून पाहायचे. सहाव्या रकान्यात एका कागदावर हापसा ८, टँकर ५ होते, दुसऱ्यावर हापसा ७, टँकर ६. दोन्हीकडे बेरीज २५. तेवढाच गठ्ठा सोडून तिसऱ्यांदा वाचला तेव्हा दुसरा कागद खरा ठरला. मी वर दिलेले ५८ आणि ५२ हे त्या दुरुस्तीनंतरचे. "ताई, एका घरानं काय फरक पडतो?" असं सोबतच्या मुलानं विचारलं होतं. ते घर टँकरचं पाणी पितं आणि आपण ते हापशावर लिहिलं, एवढं कारण मला पुरतं.

हापसा आणि टँकर या ओळी मी शेजारी आखत नाही, मध्ये नळाची ओळ घालते. एकसारख्या आकड्यांच्या ओळी लगत असल्या की हात घसरतो.

ज्या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं चालतात, तिथं हा ताळा लागू पडत नाही. 'पाणी कोण आणतं?' याला एका घरातून आई, मुलगी आणि सून अशा तीन खुणा येतात, आणि बेरीज १८७ च्या कितीतरी वर जाते. अशा प्रश्नासाठी मोजणीआधी प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात त्या प्रश्नाच्या खुणांची संख्या लाल शाईनं लिहून घेते आणि गठ्ठ्याची बेरीज वर चिठ्ठीवर टाकते. रकाना मग पंचविसाशी नव्हे, त्या चिठ्ठीशी जुळवायचा.