पाच सेकंदांची चकली

रील बघताना तुमचा अंगठा कुठे असतो, हे कधी पाहिलंय? स्क्रीनपासून अगदी थोडा वर, पुढचं सरकवायच्या तयारीत. तो अंगठा थांबवायला व्हिडिओ करणाऱ्याकडे जेमतेम पाच सेकंद असतात. आज त्या पाच सेकंदांबद्दलच बोलूया, कारण घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या अनेकींची मेहनत तिथेच वाया जाते.

माझी वहिनी वडोदऱ्यात राहते. गायकवाडांच्या काळापासून तिथे मराठी घरं भरपूर, त्यामुळे तिच्या भाजणीच्या चकलीला गिऱ्हाईक आहे. दादाची नोकरी गेल्यापासून दिवाळीच्या ऑर्डरींवर घरातला बराच खर्च चालतो. मी लहान व्यावसायिकांसाठी व्हिडिओचं लेखन करते, म्हणून दिवाळीच्या महिनाभर आधी तिने मला फोन केला. तिचा व्हिडिओ तयारच होता. सुरुवातीला फुलांच्या चौकटीत व्यवसायाचं नाव, मग “नमस्कार, मी तुमच्यासाठी घेऊन आले आहे...” आणि मागे गाजलेलं गाणं. चकली दिसत होती अकराव्या सेकंदाला!

अनोळखी माणसाला आपलं नाव ऐकण्याची घाई नसते. नाव शेवटी सांगितलं तरी चालतं. सुरुवातीला त्याच्या मनातलाच एखादा प्रश्न समोर यावा लागतो. तो प्रश्न बसून सुचत नाही, तो गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून उचलायचा असतो. मी वहिनीला विचारलं, “ऑर्डर देण्याआधी लोक तुला काय विचारतात?” ती म्हणाली, “अगं, सगळे एकच विचारतात. मुलाला बंगळुरूला पाठवायची आहे, पोचेपर्यंत मऊ नाही ना पडणार?”

झालं, सुरुवात मिळाली. “खमंग”, “कुरकुरीत”, “आजीच्या हातची” हे शब्द प्रत्येक चकलीवाली वापरते, त्यामुळे ते कानावरून निघून जातात. मऊ पडण्याची भीती मात्र चकली विकत घेणाऱ्या प्रत्येकाला असते.

आता शब्द मोजूया. सावकाश, स्पष्ट बोललं तर पाच सेकंदांत मराठीचे दहा-बारा शब्द बसतात. आम्ही अकरा शब्द लिहिले: “ही चकली आठ दिवसांपूर्वी तळली आहे. मऊ का पडली नाही, बघा.” पहिल्या वाक्यात दावा आहे आणि दुसऱ्यात पुढे बघण्याचं कारण. “आहे” आणि “बघा” यांच्या मध्ये काहीही जास्तीचं नाही.

पण शब्दांच्याही आधी चित्र येतं. पहिल्या सेकंदात कोणी बोलत नाही. दोन बोटांत धरलेली चकली पडदाभर दिसते आणि कटकन तुटते. तो आवाज नीट यावा म्हणून पंखा आणि चिमणी बंद केली, फोन वीतभर अंतरावर ठेवला आणि गाणं पूर्ण काढून टाकलं. गाण्याखाली चकलीचा आवाज दबला तर आमचा पुरावाच दबला असता. उजेड खिडकीतून बाजूने घेतला, म्हणजे तुटलेल्या कडेवरची जाळी दिसते. समोरून दिवा मारला की चकली सपाट आणि तेलकट दिसते.

दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पहिलं वाक्य येतं. त्याच वेळी कॅमेरा डब्याच्या झाकणावर जातो, तिथे तळल्याची तारीख लिहिलेली असते. चौथ्या-पाचव्या सेकंदाला दुसरं वाक्य, आणि लगेच कढई.

पुष्कळ जण आवाज बंद ठेवून रील बघतात. म्हणून “८ दिवसांची चकली” एवढेच तीन शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. तेही मध्याच्या जरा वर, कारण उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर खात्याचं नाव आणि मजकूर येतो, तर उजव्या कडेला चिन्हांची रांग असते. तिथे लिहिलेलं झाकलं जातं. शेजारच्या गुजराती मंडळींसाठी हेच शब्द त्यांच्या लिपीत खाली छोटे दिले, “चकरी” असं, कारण ते तसंच म्हणतात. बोलणं मात्र मराठीच ठेवलं. दोन्ही भाषा बोलायला गेलो असतो तर पाच सेकंदांत एकही वाक्य पुरं झालं नसतं.

आता खरी परीक्षा. वहिनी म्हणाली, “आजच तळते आणि आजच शूट करूया. आठ दिवसांचं कोणाला कळतंय?” मी नाही म्हटलं. खाण्याच्या पदार्थाबद्दल दिशाभूल करणारा दावा कायद्यालाही चालत नाही, आणि बंगळुरूला मऊ चकली पोचली की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून तिने खरंच एक डबा भरला, तारीख घातली आणि तो आठ दिवस बाजूला ठेवला. माझ्या पोटात गोळाच होता, कारण चकली मऊ निघाली असती तर आमचे अकरा शब्द फेकून द्यावे लागले असते आणि दिवाळी जवळ येत होती. आठव्या दिवशी चकली कटकन तुटली. तेव्हा कुठे आम्ही कॅमेरा सुरू केला.

पाच सेकंदांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वीस-पंचवीस सेकंदांत द्यावंच लागतं. वहिनीने ते दिलं. आच मोठी असेल तर चकली बाहेरून लवकर लाल होते, पण आतला ओलावा तसाच राहतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि दुसऱ्या दिवशी चकली नरम लागते. म्हणून आच मध्यम ठेवून, तेलातले बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत तळायचं. मग पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करायचा, नाहीतर वाफेचं पाणी आतच धरतं. शेवटी गावाचं नाव, किंमत आणि ऑर्डरचा नंबर.

तुमची सुरुवात जमली की नाही, हे लाइक्सवरून ठरवू नका. व्हिडिओच्या आकडेवारीत लोक किती वेळ थांबले याची रेषा दिसते, ती बघा. रेषा पहिल्या दोन सेकंदांतच कोसळत असेल तर चित्र बदला. पाचव्या-सहाव्या सेकंदाला कोसळत असेल तर सुरुवात चांगली आहे, पण उत्तर यायला उशीर होतोय. दोन सुरुवाती पडताळायच्या असतील तर पुढचा भाग तोच ठेवा, फक्त पहिले पाच सेकंद बदला. दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आणि शे-दोनशे लोकांनी पाहिलं एवढ्यावर निकाल लावू नका.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. सुरुवात माणसाला थांबवते, ऑर्डर मिळवून देईलच असं नाही. वहिनीच्या व्हिडिओखाली लांबच्या गावांतून नुसतं “छान” लिहिणारेही खूप आले. पण ज्यांनी ऑर्डर दिली, त्यांतल्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य सारखंच होतं: “मुलाला पाठवायची आहे.”

तुम्ही लोणचं, मसाला किंवा पुरणपोळी विकत असाल, तर आज फोनमधले गिऱ्हाइकांचे जुने मेसेज उघडा. ऑर्डर देण्याआधी विचारलेला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा दिसेल, तो कागदावर लिहा. त्याचं उत्तर न बोलता, एका सेकंदात दाखवता येईल असं तुमच्या स्वयंपाकघरात काय आहे, ते शोधा. शब्द त्यानंतर लिहा, आणि बारावर थांबा.