उकळी उतरल्यावर

पुण्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठली, कुणीतरी कॉफीच्या पिंपाची तोटी उघडली आणि करपट, किंचित आंबूस वास तिच्या नाकात शिरला. पिंप सकाळपासून विजेवर तापत होतं. तिने कप न घेताच पुढची वाट धरली. अशा पिंपांवर तिचा जुना राग आहे. कॉफी तयार झाल्यावरही तासन्‌तास तापवत ठेवली की तिच्यातली आम्लं फुटत राहतात, चव तुरट होत जाते, आणि पाहुण्यांना वाटतं की कॉफी म्हणजे असलंच काहीतरी.

पण त्या वासाने तिला भलतीकडेच नेलं, माटुंग्याच्या इमारतीतल्या शेजारच्या स्वयंपाकघरात.

तिच्या स्वतःच्या घरी कॉफी चहासारखीच व्हायची. पाण्यात साखर, पूड आणि जायफळ घालून खळखळ उकळायचं, मग भरपूर दूध. त्या कॉफीबद्दल ती आजही वावगं बोलू देत नाही. दूध, साखर आणि जायफळ मिळून कडवटपणा असा सावरून घेतात की पाणी किती तापलं होतं याचा प्रश्नच उरत नाही. शेजारच्या मामींकडे मात्र फिल्टर होता, आणि बाजारातल्या दुकानात डोळ्यांदेखत दळून आणलेली, चिकोरी घातलेली गडद पूड. मामी पाण्याला उकळी आली की पातेलं उतरवून ओट्यावर ठेवत आणि दारात कोलम काढायला जात. ठिपके, मग रेषा. पाणी आपलं वाफाळत बसलेलं.

“मामी, पाणी निवतंय!”

“निवू दे गं. थोडं निवायलाच हवं.”

एवढंच. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

उघड्या पातेल्यातलं अर्धा लिटर पाणी उकळी थांबल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत सहज आठ-दहा अंश उतरतं. म्हणजे मामींचा छोटा कोलम पुरा होईपर्यंत पाणी 90 च्या आसपास आलेलं असणार. आज कॉफीच्या पुस्तकांत साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअस हा टप्पा सांगतात. मामींच्या घरात तर थर्मामीटर फक्त तापासाठी होता.

उकळतं पाणी पूड ‘जाळतं’ असं म्हणतात, ते मात्र शब्दशः घेऊ नये. कॉफीचे दाणे भाजताना 200 अंशांच्या वर जातात, त्यांना 100 अंशांचं पाणी काय जाळणार? पुडीतून सगळे पदार्थ एकाच वेळी बाहेर येत नाहीत, हे खरं कारण. आम्लं आणि फळांसारखे स्वाद लवकर उतरतात, गोडवा त्यांच्या मागोमाग येतो, कडू आणि तुरट ऐवज सावकाश निघतो. पाणी जितकं गरम, तितका हा शेवटचा ऐवजही घाईने निघून येतो. गडद भाजलेल्या पुडीत तो मुळातच जास्त असतो आणि असे दाणे ठिसूळ, सच्छिद्र झालेले असल्याने लगेच सुटतोही. म्हणून गडद पुडीला उकळतं पाणी बाधतं. फिकट भाजलेली पूड मात्र घट्ट असते. तिला तेच पाणी चालतं, कित्येकदा हवंच असतं.

सुगंधाचंही तसंच. तो उडून जाणारा असतो, आणि पाणी फार कढत असलं की स्वयंपाकघर दरवळतं, कप मात्र रिकामा राहतो. हे 1812 साली काउंट रमफर्डने एका लांबलचक निबंधात मांडलं होतं. अमेरिकेत जन्मलेला, बव्हेरियाच्या दरबारी मानकरी झालेला आणि उष्णतेच्या अभ्यासाने ओळखला जाणारा हा माणूस शेवटी पॅरिसजवळ राहून कॉफीची भांडी बनवत होता. कॉफी उकळू नका, गरम पाणी तिच्यातून झिरपू द्या, असा त्याचा आग्रह. तोफांच्या नळ्या पोखरताना निर्माण होणारी उष्णता तपासणारा हा माणूस स्वयंपाकघरात इतका रमला, ही गोष्ट तिला फार आवडते. मामींना त्याचं नाव माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

पुण्यात संसार थाटल्यावर तिने एक साधा डिजिटल थर्मामीटर आणला आणि मामींचं पाणी मोजून पाहायला घेतलं. पहिली गोष्ट कळली ती ही की पुण्यात पाणी 98 अंशांनाच उकळतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. दुसरी जास्त महत्त्वाची. गार फिल्टर बरीच उष्णता खातो. वरचं स्टीलचं भांडं 100 ग्रॅमचं, त्यात 20 ग्रॅम पूड, दोन्ही 28 अंशांवर, आणि वरून 98 अंशांचं 150 मिलिलिटर पाणी. हिशेब मांडला तर सगळं मिळून 90 च्या जवळ स्थिरावतं. याचा अर्थ गार भांड्यात न थांबता ओतलं, तरी पूड फार वेळ उकळत्या पाण्यात राहत नाही. मात्र पहिली धार वरच्या थरावर पूर्ण कढत पडते, आणि जोरात ओतली तर बारीक पूड ढवळून जाळीवर बसते. मग पाणी उतरत नाही, तासभर तुंबून राहतं आणि डिकॉक्शन कडू होतं. अशा वेळी दोष पाण्याच्या तापमानाला देतात. खरं तर तो ओतण्याचा आणि दळण्याचा असतो. तुंबलेला फिल्टर ओळखणं सोपं आहे: खालच्या भांड्यात थेंब पडायचे थांबलेले असतात आणि वर पाणी तसंच दिसतं.

2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी 87, 90 आणि 93 अंशांच्या पाण्याने कॉफी केली. कॉफीचा दाटपणा आणि पुडीतून निघालेला अर्क सारखा ठेवला, तर तापमानाने चवीत फारसा फरक पडला नाही. तिला हे पटतं. तापमान म्हणजे अर्क काढण्याचा वेग. दळण आणि वेळ यांनीही अर्क कमी-जास्त करता येतो. मामी फक्त तिसरा मार्ग वापरत होत्या, थांबण्याचा.

तिची मुलगी सध्या लेहमध्ये आहे. तिकडे, साडेतीन हजार मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. गेल्या महिन्यात फोन आला, “आई, तुझीच पूड आहे, तुझाच फिल्टर आहे, पण कॉफी आंबट आणि पाणचट लागते.” लेहमध्ये थांबणं म्हणजे नुकसानच, कारण पाणी आधीच कमी तापलेलं असतं. तिने सांगितलं, फिल्टर आणि खालचं भांडं आधी गरम पाण्याने विसळून घे, म्हणजे स्टील उष्णता खाणार नाही. पाणी उकळत असतानाच ओत, पण हळू. पूड थोडी बारीक दळून घे, फार नको, तुंबेल. वरचं झाकण घाल. आणि उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ दे. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, आता आंबटपणा गेलाय, पण कॉफी अजून थोडी हलकी वाटतेय. पुढच्या वेळी पूड चमचाभर जास्त घ्यायचं ठरलं.