लालबागच्या फुटपाथवरचा ठेका

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात लालबागमध्ये पायी चालायचं म्हणजे वास आणि आवाज यांतून वाट काढायची. चिवडा गल्लीतला तळणाचा वास, मूर्तिशाळांतल्या ओल्या रंगाचा वास आणि पुलाखाली तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण या भागाला गोंगाटाची सवय आहे ती आहेच. त्या गोंगाटात याच दिवसांत एक नेमका आवाज मिसळतो : ढोलक्यांना ताण देताना पडणारी थाप.

फुटपाथवर पथारी पसरून बसलेल्या त्या माणसाला सगळे मामा म्हणतात. ढोलक्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून याच दिवसांत त्यांच्याकडे गर्दी. कड्या सरकवून दोरी ताणायची, शाईच्या पुडीवर बोट मारून ऐकायचं, मग डाव्या बाजूचा घुमारा तपासायचा. तपासणीसाठी मामा दर वेळी साधा केरवा वाजवतात. आठ मात्रा, ना तिहाई ना कसरत. ‘ढोलकी कशी आहे ते कळायला साधंच वाजवावं लागतं,’ असं त्यांचं म्हणणं.

एका संध्याकाळी चाळीतल्या महिला भजनी मंडळाच्या तिघीचौघी आपली ढोलकी न्यायला आल्या. त्यांत विशीतली एक मुलगी, यंदा पहिल्यांदाच पुढे बसून गाणार होती. बरोबरच्या काकू म्हणाल्या, ‘मामा, हिच्याबरोबर जरा वाजवून बघा. घरी छान म्हणते, चारजण दिसले की पळत सुटते.’

मुलीनं मान खाली घालून सुरू केलं आणि खरंच पळाली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला तिनं शेवटचं अक्षर गिळलं, घाईनं श्वास घेतला आणि मुखड्यावर समेच्या आधीच येऊन उभी राहिली. काकूंनी टाळी धरली, त्यानं ती आणखी पळाली. आपल्याकडे टाळी आणि टाळ नेहमी पुढेच ओढतात. भजन रंगलं की लय चढते, चढावीच. पण ती गाणाऱ्याच्या मर्जीनं चढली पाहिजे, भीतीनं नव्हे.

अशा वेळी वादकाला दोन सोप्या वाटा असतात. गाणाऱ्यामागे धावायचं, म्हणजे वरवर साथ जुळते आणि दोघं मिळून गाणं संपवून टाकतात. किंवा जोरात थाप मारून तिला मागे खेचायचं, म्हणजे चूक सगळ्या रस्त्याला कळते. मामांनी काकूंना हातानंच टाळी थांबवायला सांगितलं, उजवा हात हलका केला आणि डाव्या हाताचा घुमारा जरा लांबवला. ठेका तोच, लय तीच. मुलगी पुढे गेली तरी ते गेले नाहीत.

नीट ऐकल्यावर लक्षात आलं की तिला भीती गाण्याची नव्हतीच. तिची ओळ पाचव्या मात्रेपाशी संपायची आणि पुढच्या तीन मात्रा काही म्हणायचं नसायचं. त्या तीन मात्रांत सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटत असणार, म्हणून ती रिकामी जागा उडी मारून ओलांडायची. मामांनी तिथे शाईवर बोटांनी तीन बारीक अक्षरं ठेवायला सुरुवात केली, दर आवर्तनात तीच, त्याच वजनाची. जागा आता रिकामी राहिली नाही. दोन-तीन आवर्तनांनी ती त्या अक्षरांची वाट बघू लागली, आणि वाट बघता बघता पुरता श्वास घेऊ लागली. गिळलेली अक्षरं परत आली. मुखडा समेवर पडला तेव्हा काकूंच्या आधी शेजारचा हारवाला ‘वा!’ म्हणाला.

ढोलकीनं सगळंच सुधारतं असं नाही. वरच्या जागी तिचा सूर कमी लागत होता, तो शेवटपर्यंत कमीच राहिला. त्यावर ठेक्याकडे औषध नसतं.

‘आता दुसरं म्हणा,’ मामा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले. ठेका सुरू करीनात. मुलगी थोडी थांबली, मग तिनं स्वतःच सुरू केलं, पहिल्यापेक्षा किंचित सावकाश. तिची अर्धी ओळ झाल्यावर मामा तिच्या लयीत शिरले. या खेपेला त्या तीन मात्रांत त्यांनी काहीच वाजवलं नाही, आणि ती थांबली, घाई न करता.

एवढ्यात भुरभुर सुरू झाली. हारवाल्यानं प्लास्टिक ओढलं, पण ओलसर हवेनं पुडी उतरलीच. मामांनी ढोलकी उभी केली, कड्यांना हात घातला आणि तिला म्हणाले, ‘ताई, तुमचा सा धरा बघू. त्याला लावतो.’

तिनं सा धरला. मागे आपली ढोलकी घेऊन उभा असलेला कुठल्याशा मंडळाचा पोरगा म्हणाला, ‘मामा, माझं कधी?’

‘हिचं लागू दे,’ मामा म्हणाले आणि दोरी ओढली.