दोन माग आणि चाळीस गिऱ्हाइके

येवल्यात माझ्या परिचयाचे एक विणकर आहेत. पैठणी विकत घेण्याची माझी ऐपत नाही. पण मागापाशी बसण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. मागच्या खेपेस गेलो, तेव्हा माग थांबला होता आणि स्वारी चिंतातुर दिसत होती.

"मास्तर, धंदा फार चालला, तोच घात झाला," ते म्हणाले.

हकीकत अशी होती. त्यांच्या मुलाने पदरावरल्या मोराची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाकली. ती हजारो लोकांनी पाहिली आणि आठवड्यात तशाच पैठणीसाठी चाळीस मागण्या आल्या. घरात माग दोन, आणि तसली एक पैठणी उतरण्यास महिना लागतो. म्हणजे वीस महिन्यांचे काम! चित्रफीत हवी तितक्यांदा दाखवता येते. पैठणी मात्र एकदाच विकता येते. तेवढ्यात एक व्यापारी दारी आला. "यंत्रावरच्या हुबेहूब देतो, गिऱ्हाइकाला काय कळते?" असे त्याचे म्हणणे.

कळते, मात्र पदर उलटून पाहावा लागतो. हाती विणलेल्या नक्षीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जाऊन मागे वळतो. म्हणून पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. यंत्रावरच्या नक्षीत मागच्या अंगास लांब धागे मोकळे सुटलेले किंवा कापलेले आढळतात. चित्रफितीत दाखवणारा सुलट अंगच दाखवतो. थेट प्रक्षेपणात मात्र एखादी बाई "जरा उलटा करा हो" असे लिहिते, आणि दाखवणाऱ्याला पदर उलटावाच लागतो.

विणकरांनी व्यापाऱ्याला परत पाठवले आणि विक्रीची दोन दारे केली. तयार पैठण्या तेवढ्या रविवारी संध्याकाळी थेट दाखवायच्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि तो प्रथम लिहील तिची पैठणी. पहिल्या रविवारी एकीने क्रमांक लिहिला, चार दिवस पैसे पाठवले नाहीत, आणि दोन खरी गिऱ्हाइके निघून गेली. तेव्हापासून अर्ध्या तासात पैसे न आल्यास हक्क पुढचीकडे जातो.

दुसरे दार मागावरच्या पाळीचे. एक तृतीयांश विसार घ्यायचा आणि पाळ्या सहाच द्यायच्या, म्हणजे तीन महिन्यांचे काम. अधिक घेतल्या तर तारीख चुकते आणि विसार परत करताना अब्रू जाते. चौतीस जणींना त्यांनी नम्रपणे नकार कळवला. "हात कापत होता लिहिताना," ते म्हणाले. पण त्या विसारातून रेशीम रोखीने आले. एरवी ते व्यापाऱ्याकडून उधारीवर येई, आणि त्याबरोबर पैठणीचा भावही तोच ठरवी.

परवा पुन्हा गेलो. मुलगा मागावरच्या अर्धवट मोराचे चित्रण करीत होता. जिची पाळी होती, तिला दर आठवड्यास ते पाठवतात.

"चोच अजून व्हायचीय," विणकर म्हणाले, "पण बाई रोज विचारतात."

माग चालू होता. मी मुकाट्याने बसलो.