भाव पडला म्हणून कांदा घेऊ नका, टिकणारा कांदा पडल्या भावात घ्या

उन्हाळा लागला की दरवर्षी एकच विचारणा होते, "कांदा पडलाय, भरून ठेवू का? बटाटा पण स्वस्त आहे, दोन गोण्या टाकू का?" आमच्याकडं मका आणि अद्रक, कांदा विकत घेऊनच खावा लागतो. वस्तीवरच्या सहा घरांचा पावसाळ्याचा कांदा-बटाटा मी एकदमच आणतो. तेव्हा घेताना काय बघतो ते आज सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. कांद्याचा भाव वर्षात साधारण दोनदा पडतो, पण भरायला त्यातली एकच पडझड कामाची. एक पडते डिसेंबर-जानेवारीत, लाल कांद्याची. दुसरी एप्रिल-मेमध्ये, उन्हाळ कांद्याची. लाल कांदा म्हणजे खरिपाचा. त्याची मान जाड, साल एकेरी, अंगात पाणी जास्त. महिनाभर, फार तर दीड महिना. पुढं कोंब नाहीतर सड. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि लाल कांदा घसरला, तेव्हा बऱ्याच जणांनी गोण्याच्या गोण्या घरी नेल्या. भाव स्वस्त होता हे खरं, पण तो कांदा भरायचा नव्हताच, लगेच खायचा होता. रांगडा कांदा, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये निघणारा, तो मधला. दोन-तीन महिने निघतो, त्याच्यावर पावसाळा काढता येत नाही.

भरायचा तो उन्हाळ कांदा. मार्चअखेर ते मे निघतो, फिकट लाल असतो. वाण विचारायचाच. एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचे भीमा किरण आणि भीमा शक्ती, नाहीतर ॲग्रिफाउंड लाइट रेड, ही नावं ऐकली की पुढं बोलायचं. "घरचंच बियाणं आहे" असं सांगितलं तर वाणावर विसंबायचं नाही, माल बघून ठरवायचं.

घ्यायचा कुठून? लिलावात बोली परवानाधारक व्यापारीच लावतात, तिथं आपलं काम नाही. आपल्यासारख्यानं एकतर अडतीवरून घ्यावा, नाहीतर सरळ शेतकऱ्याच्या खळ्यावरून. मी खळ्यावरूनच घेतो. वैजापूर-गंगापूरकडं, लासूर स्टेशनच्या पट्ट्यात उन्हाळ कांदा भरपूर निघतो. खळ्यावर जायचा खरा फायदा भावाचा नाही, फायदा असा की ज्यानं पिकवला त्याला विचारता येतं. अडतीवर कांदा बघता येतो, पण त्याला शेवटचं पाणी कधी दिलं हे कुणी सांगू शकत नाही. आणि टिकण्याचं निम्मं तिथंच ठरलेलं असतं.

मागच्या हंगामात एका खळ्यावर गेलो, तिथं म्हातारबाबा बसले होते. विचारलं, "आबा, शेवटचं पाणी कधी तोडलं?" ते म्हणाले, "माना पडायला लागल्या तसं बंद केलं, पंधरा दिवसांनी काढला." "आणि काढल्यावर?" "पातीसकट तीन-चार दिवस वावरात, मग पात कापून लिंबाखाली." एवढी दोन उत्तरं मिळाली की मला बाकीचं बघायला हुरूप येतो. कारण काढणीआधी पाणी तोडलं नाही तर मान ओली राहते, आणि पात लगेच कापली तर त्या ओल्या तोंडातून बुरशी आत शिरते. पातीसकट वाळवला की मान आपोआप मिटते. सावलीत आणखी दहा-बारा दिवस राहिला की वरची साल पक्की होते. तिसरा प्रश्न युरियाचा. लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावरही नत्र दिलं असेल तर कांदा फुगतो, वजन देतो, पण टिकत नाही.

आता माल हातात घेऊन बघायचं. ढिगाच्या वरचा उचलायचा नाही, हात मधी घालून काढायचा. मधला आकार पाहिजे, लिंबाहून मोठा आणि मुठीत मावणारा. फार मोठा लवकर सडतो, गोल्टी लवकर वाळते. मान बारीक, कोरडी, मिटलेली. कापताना बोटभर मान ठेवलेली असावी, अगदी बुडख्याला कापलेला कांदा भरायचा नाही. मानेवर अंगठा दाबा, आत जात असेल तर बाजूला ठेवा. साल दोन पत्ती तरी हवी. ओंजळभर कांदे हलवले की कोरड्या पाल्यासारखा सळसळ आवाज यायला पाहिजे. जोड कांदा आणि डेंगळे आलेला कांदा कितीही देखणा असला तरी नको. डेंगळ्याच्या मधी दांडा असतो, तो आधी कुजतो आणि शेजाऱ्यांना घेऊन जातो.

मग तीन कांदे मागून घ्यायचे आणि शेंड्यापासून बुडापर्यंत उभे चिरायचे. मधी हिरवा कोंब दिसला तर त्याची झोप मोडलीय, महिन्याभरात वर येईल. मानेजवळ एखादा पापुद्रा तपकिरी, पाणचट दिसला तर सड सुरू झालीय. वरची साल काढल्यावर काजळीसारखे काळे ठिपके दिसले तर तो कांदा भिजलेला आहे. हे शेवटचं महत्त्वाचं. मे २०२५ मध्ये अवकाळी पावसानं काढून पडलेला कांदा बऱ्याच ठिकाणी भिजला. असा कांदा चार दिवस उन्हात टाकला की वरून लख्ख दिसतो आणि स्वस्तात मिळतो. साल काढल्याशिवाय ओळखू येत नाही. तो लगेच खायला चालतो, चाळीत घालायला चालत नाही.

आता हिशोब. आकडे गोल धरतो. सहा घरं, घराला महिन्याला दहा किलो, जून ते नोव्हेंबर सहा महिने, म्हणजे खायला ३६० किलो पाहिजे. चांगला निवडलेला उन्हाळ कांदा नीट ठेवला तरी वाळून, सडून, कोंब येऊन चौथाई जाईल असं मी धरतो. म्हणून आणायचा ४८० किलो. भाव १४ रुपये असेल तर ६,७२० आणि गाडीभाडं ६००, एकूण ७,३२०. खाल्लेल्या ३६० किलोला भागलं तर किलोला २० रुपये पडला. म्हणजे आपला खरा भाव १४ नाही, २० आहे.

आता शेजारच्या ढिगाचा मिसळ माल, थोडा भिजलेला, १० रुपयांनी मिळतोय असं समजा. त्यातला निम्मा जाईल. मग ३६० किलो खायला ७२० किलो आणावा लागेल. ७,२०० आणि भाडं ६००, मिळून ७,८००. खाल्लेल्या किलोला पावणेबावीसच्या आसपास पडला. चार रुपये स्वस्त घेतलेला कांदा शेवटी महाग पडला, वर दर आठवड्याला घाण उपसायचं काम. म्हणून मी निवडून घेतो आणि निवडीचे दीड-दोन रुपये जास्त देतो. पडलेल्या भावात समोरचा आधीच तोट्यात असतो. त्याच्या ढिगातला उत्तम माल उचलायचा आणि भाव मात्र सरसकटचा द्यायचा, हे शेतकऱ्यानं शेतकऱ्याशी करू नये.

घरी आणल्यावर गोणीत ठेवायचा नाही. बाजेवर किंवा बांबूच्या ताटीवर पसरायचा, खालून हवा खेळली पाहिजे, थर फूट-दीड फुटाच्या वर नको. कांद्याला पंचवीस ते तीस अंश ऊब मानवते, ओल मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते तेव्हा सड वाढते, आठवड्याला एकदा हात फिरवून खराब काढायचा. दसऱ्यानंतर रात्री गार व्हायला लागल्या की कोंब वाढतात. म्हणून दिवाळीच्या पुढं ताणायचं नाही. कांदेनवमीला घरोघर भज्यांचा घाणा निघतो, त्या दिवशी मी मोठा आणि जाड मानेचा कांदा आधी काढून देतो. म्हणजे बारीक मानेचा मागं राहतो.

बटाट्याची गोष्ट उलटी. आपल्याकडं येणारा बराचसा बटाटा इंदूर आणि आग्र्याकडून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल उतरतो तेव्हा स्वस्त होतो. काढल्यापासून साधारण दोन-अडीच महिने त्याचे डोळे झोपलेले असतात. पण आपल्या मेच्या चाळीस अंशात तो घरात तग धरत नाही. कोंडलेल्या गरम गोणीत त्याला हवा मिळत नाही आणि आतून काळा पडतो, वरून काही दिसत नाही. म्हणून ताजा बटाटा घरात दीड महिन्याच्या वर धरायचा नाही. एप्रिलनंतर बाजारात येतो तो बहुतेक शीतगृहातला. तो बाहेर आला की लवकर कोंब फोडतो, चवीला गोडसर लागतो, तळला की काळपट होतो. त्याची गोणी भरू नये.

घेताना अंगठ्यानं साल घासायची. सरकली तर बटाटा कोवळा आहे, लवकर सुकेल. हिरवा, फावड्यानं कापलेला, ओलसर नको. आणि डोळ्यांपाशी नीट बघायचं. काळी बारीक विष्ठा किंवा जाळी दिसली तर पाकोळीची अळी आत आहे. असा एक बटाटा घरात आला तर महिन्यात गोणी पोखरते. ठेवताना अंधारात, गार फरशीवर, पातळ थरात ठेवायचा आणि कांद्यापासून लांब. बटाट्याची ओल कांद्याला लागते आणि दोन्ही बिघडतात.

बाकी बटाटा टिकवायचा आपल्या घरातल्या बायांचा मार्गच खरा, वाळवण. मार्चअखेर मोठा, कोरडा, पिठूळ बटाटा घ्यायचा आणि वेफर्स, कीस करून उन्हात टाकायचे. सहा-सात किलोला एक किलो वाळवण निघतं. आमच्या सहा घरांना खायला ६० किलो आणि वाळवणाला ६० किलो, एवढाच बटाटा येतो. कांद्याला चाळ, बटाट्याला ऊन, असं आमच्या वस्तीवर ठरलेलं आहे.

ज्यांनी यंदा कांदा काढलाय त्यांना एक विनंती. ढीग विकताना भिजलेला वेगळा आणि कोरडा वेगळा ठेवा आणि घेणाऱ्याला तसं सांगा. कोरड्याला दोन रुपये जास्त मागा. ज्याला भरायचाय तो देईल.